मुलाखतीनंतरचा मेसेज: सहा ओळी, एक मेल

"सर, वाळूजला क्वालिटी इन्स्पेक्टरचा इंटरव्ह्यू देऊन आलो, परवा मंगळवारी. एचआर मॅडमला थँक्यूचा मेसेज टाकला, नंतर दोनदा विचारलं बी. निळ्या टिका आल्यात, पण उत्तर नाही. अजून एक टाकू का, का माझं कामच बिघडलं?"

काम बिघडलेलं नाही, पण आता व्हॉट्सअपवर काही टाकू नका.

अंबाजोगाईच्या या डिप्लोमावाल्या मुलाने मोबाइल पुढे केला. मंगळवारी रात्री साडेनऊला: "थँक्यू सो मच मॅडम 🙏🙏 काय झालं माझं? घरची परिस्थिती लई नाजूक आहे, बघा काहीतरी." बुधवारी सकाळी गुलाबाच्या फुलाचं गुड मॉर्निंग. दुपारी "मॅडम??" आणि पाठोपाठ मिस्ड कॉल.

या सगळ्यात त्याचं नाव एकदाही नाही. एचआरकडे नंबर सेव्ह नसतो, डीपीवर देवाचा फोटो. एकाच पदासाठी पंधरा-वीस जण येऊन गेलेले असताना हा कोणता, हे तिने कसं ओळखायचं? दुसरं, आभाराच्या ओळीलाच "काय झालं" जोडलं की तो मेसेज आभाराचा राहत नाही, तगादा होतो. आणि त्याचं उत्तर त्या रात्री तिच्याकडेही नसतं. प्लँटमधल्या अधिकाऱ्यांचा शेरा येईपर्यंत ती हो म्हणू शकत नाही, नाही म्हणू शकत नाही. म्हणून गप्प बसते.

घरच्या परिस्थितीची ओळ काढायला मुलं तयार होत नाहीत. खरं तेच लिहिलंय, म्हणतात. खरं असेलही, दोन वर्षं सोयाबीन हाती लागलेलं नाही अशी घरं आपल्याकडे कमी नाहीत. पण निवडीच्या कागदावर ती ओळ लिहायला रकानाच नसतो. वाचणारी व्यक्ती अवघडते आणि उत्तर आणखी लांबतं.

मग लिहायचं कुठे? मुलाखतीचं बोलावणं ज्या मेलवरून आलं, त्यालाच रिप्लाय करायचा. नवा मेल नको. जुन्या मेलच्या विषयात पद आणि तारीख आधीच असते, त्यामुळे शोधताना तुमचं सगळं एकाखाली एक सापडतं. बोलावणंच व्हॉट्सअपवर आलं असेल तर तिथेच, पण ऑफिसच्या वेळेत. मेल चोवीस तासांच्या आत गेलेला बरा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही चालतो. भाषा त्यांच्या मेलची. ते इंग्रजीत लिहीत असतील तर छोट्या, साध्या इंग्रजी वाक्यांत लिहा.

एक ओळ मात्र त्या मुलाखतीचीच हवी. "तिथे काय बोलणं झालं?" असं विचारल्यावर तो म्हणाला, मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट विचारला आणि घाईत व्हर्नियरचा सांगून बसलो. हीच ती ओळ. गुरुवारी दुपारी गेलेला मेल असा:

"नमस्कार मॅडम,
मंगळवार, १० जून रोजी क्वालिटी इन्स्पेक्टर पदासाठी माझी मुलाखत झाली. वेळ दिल्याबद्दल आपले व सरांचे आभार.
मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट मी चुकून ०.०२ मिमी सांगितला, तो ०.०१ मिमी आहे. ०.०२ व्हर्नियर कॅलिपरचा.
इनकमिंग तपासणीचं काम समजलं. तिन्ही शिफ्टसाठी माझी तयारी आहे.
आणखी कागदपत्रे लागल्यास कळवावे.
पूर्ण नाव, मोबाइल नंबर"

आधीच्या मेसेजबद्दल माफी मागितलेली नाही. मागितली असती तर विसरलेली गोष्ट आपणच पुन्हा पुढे केली असती. चूकही एकच दुरुस्त करायची. तीन उत्तरं दुरुस्त करायला गेलात तर मुलाखत वाईट गेली, हे तुम्हीच लेखी दिल्यासारखं होतं. आणि तयारी नसेल तर शिफ्टची ओळ लिहू नका, रुजू होताना तीच पुढे येते.

मॅडम "आठ दिवसांत कळवू" म्हणाल्या होत्या. म्हणजे १७ जूनपर्यंत वाट पाहायची, वर दोन कामाचे दिवस सोडायचे आणि शुक्रवारी, २० तारखेला सकाळी अकराच्या सुमारास त्याच मेलखाली लिहायचं: "१० जूनच्या क्वालिटी इन्स्पेक्टर पदाच्या मुलाखतीबाबत निर्णय झाला असल्यास कृपया कळवावे. प्रक्रिया सुरू असल्यास साधारण कधी विचारू, तेही सांगावे." खाली नाव, नंबर. बस. "मॅडम??" लिहिलं की समोरच्याला उत्तर शोधावं लागतं. इथे फक्त एक तारीख सांगितली तरी भागतं.

त्यालाही उत्तर आलं नाही तर आठवड्याने आणखी एकदा, आणि मग थांबायचं. ओळखीच्या सुपरवायझरकडून विचारणा तर नकोच. ती शिफारस समजली जाते.

तिसऱ्यांदा लिहायला एकच कारण पुरतं: दुसरीकडून ऑफर आली तर. "मला दुसऱ्या कंपनीकडून ऑफर आली असून सोमवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे. आपल्याकडील निर्णय त्याआधी कळल्यास बरे होईल." हे ऑफर हातात असेल तरच लिहा. लेटर दाखवा म्हणाले, तर दाखवावं लागतं.