बुकिंग लिंक पाठवताना मेसेज कसा लिहावा?

प्रश्न: "क्लायंटला भेटीसाठी बुकिंग लिंक पाठवली की मलाच कसंतरी वाटते, जणू 'तुमचं तुम्ही बघून घ्या' म्हणतेय. लिंक वेळ वाचवते हे खरं, पण लिहू कसं?"

ताई, आधी एवढं बघा की भेट कोणाला हवी आहे. समोरच्यानेच वेळ मागितली असेल तर सरळ लिंक द्या, कोणालाच खटकत नाही. खटकते ते तुम्हाला काम असताना, म्हणजे बुटीबोरीच्या प्लांट मॅनेजरला तुम्ही लेआउट दाखवणार आणि वर त्यालाच म्हणणार की लिंक उघडा, तारीख निवडा, नाव-ईमेल भरा. अशा वेळी मेसेजमध्ये दोन वेळा आधी स्वतः लिहायच्या आणि लिंक त्याच्यानंतर. मी असं लिहितो:

"नमस्कार सर, स्टोअरच्या रॅकचा लेआउट दाखवायला २० मिनिटं हवी होती. मंगळवारी सकाळी ११ किंवा गुरुवारी दुपारी ४ जमेल का? नुसतं 'मंगळवार' लिहिलं तरी चालेल, इन्व्हाइट मी पाठवतो. दोन्ही जमत नसेल तर माझ्या बाकीच्या मोकळ्या वेळा या लिंकवर दिसतील, म्हणजे तुम्हाला मला पुन्हा विचारत बसायला नको."

यात त्यांचं काम एका शब्दाचं राहते, आणि लिंक कशासाठी आहे तेही त्यांना कळते. "खालील लिंकवर बुक करावे" हे मात्र लिहूच नका, ते ऑफिसातल्या नोटीससारखं वाटते.

आता एक गोष्ट हमखास राहून जाते. मेसेजमध्ये लिहिलेल्या दोन्ही वेळा स्वतःच्या कॅलेंडरमध्ये लगेच 'बिझी' म्हणून अडवून ठेवा, नाहीतर मंगळवारचे ११ दुसराच कोणी लिंकवरून घेऊन टाकतो आणि सरांचं "हो" आल्यावर तुम्हाला नाही म्हणावं लागते, मग सगळी आपुलकी वाया. उत्तर आलं की उरलेली वेळ मोकळी करायची.

पाठवायच्या आधी लिंक फोनवर इन्कॉग्निटोत उघडून बघा, समोरच्याला काय काय भरावं लागते ते तिथे दिसते. कंपनी, विषय, बजेट असे कम्पल्सरी प्रश्न असले तर काढून टाका बाप्पा, तुम्हाला ते माहीतच आहे ना. कॅलेंडलीत तर नाव आणि ईमेलही आधीच भरून देता येते, लिंकच्या शेवटी हे जोडा, नावातल्या स्पेसच्या जागी `%20`:

```
?name=Full%20Name&email=name@example.com
```

आणि सरांनी लिंक न उघडता "बुधवारी ३ ला या" एवढंच लिहिलं, तर "लिंकवरून टाकता का" असं परत विचारू नका. वेळ मोकळी असेल तर इन्व्हाइट पाठवा आणि कळवा, "बुधवार ३ पक्कं सर, इन्व्हाइट पाठवलं आहे."