हप्ते संपले, तरी बँक म्हणते १३,४१० रुपये बाकी

प्रश्न : पंधरा वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता गेला. कर्ज माझ्या व पत्नीच्या नावावर, फ्लोटिंग व्याजदराचे. हप्ता १४,३०० होता. आता क्लोजर स्टेटमेंटमध्ये मुद्दल ९,८७०, २०१९ मध्ये परत गेलेल्या दोन हप्त्यांचे शुल्क १,१८० आणि फोरक्लोजर शुल्क २,३६० रुपये लावले आहे. हे भरल्याशिवाय बेबाकी दाखला नाही म्हणतात. काय करू?

उत्तर : तिन्ही रकमा वेगवेगळ्या आहेत, तिघींना एकच उत्तर देऊ नका.

फोरक्लोजर शुल्क लेखी नाकारा. मुदतीआधी कर्ज फेडले तरच ते शुल्क लागते. तुमचे कर्ज मुदतीनेच संपले. बँकेने मुदत वाढली होती असे म्हटले तरी, वैयक्तिक कारणासाठी घेतलेल्या फ्लोटिंग दराच्या कर्जावर रिझर्व्ह बँकेने २०१४ पासून बँकांना हे शुल्क घ्यायला मनाई केली आहे.

मुद्दल मात्र खरेही असू शकते. रोजच्या शिल्लकेवर व्याज लागत असेल आणि १४,३०० चा एक हप्ता दहा दिवस उशिरा जमा झाला असेल, तर ९ टक्क्यांनी साधारण पस्तीस रुपये व्याज वाढते आणि त्यावर पुढेही व्याज चढत जाते. दर वाढूनही हप्ता तोच राहिला असेल, तर शेवटी असे शेपूट उरते. म्हणून पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा आणि दरबदलाची पत्रे मागा. परत गेलेल्या हप्त्यांच्या ओळी नीट वाचा : बाउन्स शुल्क (५०० अधिक १८ टक्के जीएसटी, दोनदा) तेव्हाच वसूल झाले असेल, तर आता ते दुसऱ्यांदा मागितले जात आहे.

हिशेब पटला तर मुद्दल लगेच भरा. घर विकायचे असेल आणि कागद तातडीने हवे असतील, तर वादाची रक्कमही 'हरकत राखून भरत आहे' असे लेखी कळवून भरा. माझा कल याकडेच आहे. कारण मूळ दस्तऐवज परत देण्याची ३० दिवसांची मुदत पूर्ण परतफेडीपासून मोजतात. त्यापुढे बँकेच्या दोषाने उशीर झाला, तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते.

एक धोका सांगून ठेवतो. बँक 'सेटलमेंट करून टाकू' म्हणाली तर मान्य करू नका. क्रेडिट अहवालात 'सेटल्ड' अशी नोंद झाली, तर पुढच्या कर्जाला ती आड येते. शुल्क रद्द केल्याची नोंद आणि खाते 'क्लोज्ड', हेच लिहून घ्या. दाखल्यावर दोघांची नावे, कर्जखाते क्रमांक आणि बाकी शून्य असल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. सातबाऱ्यावर बोजा चढवला असेल, तर तो कमी करण्यासाठी तलाठ्याच्या नावे पत्रही त्याच वेळी मागून घ्या.

तक्रार आधी बँकेकडेच लेखी द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.