२६० कोड आणि एक ‘सांभाळून घेणं’

“मॅडम, चौदा मुलाखती झाल्या, शब्द न् शब्द उतरवून झाला, उताऱ्यांना नावं देत देत २६० कोड पडले. आणि गाइड म्हणतात, यात थीमच नाहीत. माझ्यात ते डोकंच नाहीये का?”

प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली की हा प्रश्न मला दरवर्षी ऐकू येतो. विचारणारे बदलतात, पडलेला चेहरा तोच. हे गृहस्थ बांधकाम क्षेत्रातले, वीस वर्षं साइटवर काढलेले. सरकारी कामांवरचे प्रोजेक्ट मॅनेजर प्रत्यक्षात काम कसं हाकतात, हा त्यांचा विषय. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

त्यांनी लॅपटॉप उघडला. थीमच्या रकान्यात कम्युनिकेशन, रिस्क, शेड्यूल, कॉस्ट, स्टेकहोल्डर अशी नावं होती.

“ही नावं मुलाखती घेण्याआधी लिहिता आली असती का?”

ते हसले. “लिहिलीच होती. प्रश्नावलीचे भाग हेच होते.”

पीएमबॉक या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या मार्गदर्शक ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत दहा ज्ञानक्षेत्रं आहेत. यांच्या थीम म्हणजे त्यातलेच पाच डबे. चौदा माणसांचं बोलणं त्या डब्यांत भरून झालं होतं, पण त्यातून ती माणसं काय सांगत होती ते कळत नव्हतं. विषय आणि थीम यात फरक इथेच पडतो. ‘संवाद’ हा विषय झाला. संवादाबद्दल ही माणसं मिळून काहीतरी म्हणत असतील आणि ते पूर्ण वाक्यात मांडता येत असेल, तर ती थीम. एका शब्दाचं नाव दिसलं की मी तिथेच थांबवते.

मग मी विचारलं, मुलाखती कोणत्या भाषेत झाल्या? मराठीत, थोड्या हिंदीत. आणि कोड? इंग्रजीत, कारण प्रबंध इंग्रजीत. मी मूळची व्यक्तिकेंद्री समुपदेशनातली. समोरच्याचा शब्द बदलला की त्याचं म्हणणं निसटतं, हे इतक्या वर्षांत अंगात मुरलंय. म्हणून सांगितलं, ‘स्टेकहोल्डर’च्या डब्यातले सगळे उतारे मूळ भाषेत छापा, कापून चिठ्ठ्या करा आणि घेऊन या.

पुढच्या भेटीत टेबलावर ३८ चिठ्ठ्या पसरल्या. ते एकेक मोठ्याने वाचत होते. त्यातलं हिंडरन्स रजिस्टर म्हणजे काम कशामुळे अडलं ते लिहायची साइटवरची वही.

“ड्रॉइंग तीन आठवडे उशिरा आलं. हिंडरन्स रजिस्टरला लिहिलं नाही, कन्सल्टंटला सांभाळून घेतलं.”

“पाऊस लगेच लिहितो. पावसाला राग येत नाही.”

“त्यांनी आमचा स्लॅब सांभाळून घेतला, मग आम्ही बिलाचं ताणलं नाही.”

सहाव्या-सातव्या चिठ्ठीला ते थांबले. “सांभाळून घेणं… हा शब्द सगळीकडे आहे. मी त्याला काय कोड दिला होता माहितीये? ‘रिलेशनशिप मॅनेजमेंट’.” मी काहीच बोलले नाही. (असं गप्प बसायला मला दहा वर्षं लागली.) मिनिटभराने ते म्हणाले, “हे काही नातं सांभाळणं नाही. ही उधारी आहे. आज मी तुमची चूक लिहीत नाही, उद्या तुम्ही माझी लिहायची नाही.”

मग त्यांनी स्वतःच ‘रिस्क’ आणि ‘शेड्यूल’मधले उतारे ओढले. क्लायंटला दाखवायचं एक शेड्यूल आणि साइटवरचं दुसरं, हेही त्याच उधारीत बसत होतं. इंग्रजी डब्यांनी तीन ठिकाणी तोडलेली गोष्ट एका मराठी क्रियापदाने जोडली. पहिलं वाक्य झालं: ‘चूक नोंदवायची नाही, उधार ठेवायची.’

इथे बहुतेक जण खूश होऊन लिहायला बसतात. मी त्यांना उलट कामाला लावलं: हे वाक्य जिथे खोटं ठरतं त्या मुलाखती शोधा. तीन निघाल्या. पुन्हा वाचल्यावर दिसलं की त्यातल्या दोन साइटवर हिंडरन्स रजिस्टरवर दर सोमवारी दोन्ही बाजू सही करत होत्या. तिथे लिहिणं हा रिवाज होता, कुणावरचा आरोप नव्हता. वाक्य बदललं: ‘नोंद हा आरोप ठरतो तिथे चूक उधार ठेवली जाते.’ पहिल्यापेक्षा हे अरुंद आहे, पण मुदतवाढ मागताना हातात कागद का नसतो, हे त्यातून कळतं.

त्यानंतर २६० कोड पुन्हा तपासले. मूळ शब्दांत आणि शक्यतो क्रियापदांत लिहिल्यावर ७० उरले. कोडिंगचं सॉफ्टवेअर तेच होतं. इंग्रजी भाषांतर शेवटी, फक्त प्रकरणात उद्धृत करायच्या उताऱ्यांपुरतं केलं. ‘सांभाळून घेणं’ मात्र तसंच ठेवून खाली अर्थ दिला.

गाइडनी विचारलंच, “किती जण असं म्हणाले?” हे म्हणाले, “सर, अकरा. पण थीम मोजणीवर उभी नाही, ती काय उलगडते त्यावर आहे.” हे मला फोनवर सांगताना त्यांचा आवाज चढला होता.

त्या तीनपैकी उरलेली मुलाखत मात्र कशातच बसली नाही. तिथेही सह्या दर सोमवारी होत होत्या, पण उधारीही चालू होती. ती गाळू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोन पानं तिलाच द्या.