रिलेवरचे ४० अँपिअर आणि 'डिरेटिंग'

"मरोळच्या आमच्या गाळ्यात ओव्हनच्या पॅनेलवर मराठीत सूचना लावायची आहे. सॉलिड स्टेट रिलेच्या माहितीपत्रकात 'डिरेटिंग' असं आहे, त्याला 'क्षमताघट' लिहिलं तर चालेल का? आणि रिले ४० अँपिअरचा, हीटर ६ किलोवॅटचा, म्हणजे २६ अँपिअर. मग घट कसली?"

'क्षमताघट' नको. वाचणाऱ्याला वाटेल की रिले जुना झाला, झिजला, म्हणून त्याची ताकद गेली. डिरेटिंग तर नव्याकोऱ्या रिलेलाही लागू असतं. 'प्रवाहकपात' हाही शब्द सुचतो, पण आपल्याकडे कपात म्हटलं की वीज जाणं आठवतं. मी पॅनेलवर 'तापमानानुसार प्रवाहमर्यादा' असं लिहीन. जरा लांब आहे, पण हा शब्द वाचला की तापमान किती ते आधी बघावं लागतं, आणि नेमकं तेच हवं आहे. बोलताना वायरमन 'डिरेट करून लाव' म्हणतात, ते तसंच राहू द्या.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

कॉन्टॅक्टरमध्ये धातूला धातू टेकतो, त्यामुळे तिथे फारशी उष्णता होत नाही. सॉलिड स्टेट रिलेत प्रवाह सिलिकॉनमधून जातो, मग आत ट्रायक असो की उलटसुलट जोडलेले दोन एससीआर. चालू असताना त्यावर साधारण १.२ व्होल्ट खर्च होतात, म्हणून दर अँपिअरला १.२ वॅट उष्णता धरायची. तुमच्या २६ अँपिअरला ती ३१ वॅट झाली. एक छोटी सोल्डरिंग आयर्न त्या काळ्या चौकोनी डबीत सतत चालू ठेवल्यासारखं हे आहे. ओव्हन थंड असताना कंट्रोलर रिले सलग चालू ठेवतो, मध्ये उसंत नसते. म्हणून 'नंतर तो चालू-बंद होत राहतो, सरासरी कमीच पडते' हा हिशोब इथे धरू नये. पूर्ण वेळ चालू असंच समजून हीट सिंक निवडावा.

सिलिकॉनची कमाल मर्यादा बहुतेक रिलेंना १२५ अंश असते. थोडं हातचं राखून ११० धरू. मुंबईत ऑक्टोबरच्या दुपारी पत्र्याच्या छपराखाली बंद पॅनेलच्या आत ४५ अंश सहज होतात. उरले ६५ अंश. ३१ वॅट बाहेर काढायला ६५ अंश हाताशी आहेत, म्हणजे दर वॅटला साधारण २.१ अंश. यातले सिलिकॉनपासून रिलेच्या तळापर्यंत ०.६ आणि थर्मल पेस्टमध्ये ०.१ गेले असं धरू (तुमच्या रिलेचा खरा आकडा माहितीपत्रकात बघा). हीट सिंकच्या वाट्याला राहिले १.४. दुकानात हीट सिंक घेताना त्याची लांबी-रुंदी विचारून भागत नाही, 'दर वॅटला किती अंश' हा आकडा विचारायचा. तो १.४ किंवा त्याहून कमी हवा.

आता हाच हीट सिंक ठेवून फक्त पॅनेलमधली हवा बदलून बघा. हवा ३५ अंश असेल तर हा जोड ३० अँपिअर पेलतो. ४५ ला २६. ५५ ला २२. दर १० अंशांमागे ४ अँपिअर उतरतात, आणि माहितीपत्रकातली ती खाली उतरणारी रेघ म्हणजे हाच हिशोब आहे. २५ अंशांच्या गार खोलीतसुद्धा या हीट सिंकवर ३४ च्या पुढे जाता येत नाही. पूर्ण ४० हवे असतील तर २५ अंशांतही १.१ च्या आतबाहेरचा, म्हणजे बराच मोठा हीट सिंक लागेल. आणि हीट सिंकच नसेल, तर ४० लिहिलेला हा रिले सतत जेमतेम ४-५ अँपिअर सोसतो. डबीवरचा आकडा खोटा नाही, तो अटींसकट दिलेला आहे. अटी मात्र डबीवर मावत नाहीत.

जाता जाता, 'हीट सिंक'ला कुणी 'उष्णताशोषक' लिहितात, तेही टाळा. नुसतं शोषून तो काही मिनिटांत भरतो. पुढचं सगळं काम हवेचं असतं. म्हणून हीट सिंकच्या पात्या उभ्या हव्यात, वर-खाली मोकळी जागा हवी, आणि हवा पॅनेलच्या बाहेर जायला वाट हवी. झरोके नसलेल्या पेटीत कितीही मोठा हीट सिंक घाला, तो पेटीतलीच हवा तापवत बसतो, आणि वर धरलेले ४५ चे ५५ होतात. बसवताना तळ सपाट, रंग खरवडलेला, पेस्ट पातळ आणि सगळीकडे सारखी असावी. जाड थापलेली पेस्ट अडथळाच ठरते.

झालेलं काम तपासायचं कसं? ओव्हन पूर्ण ताकदीवर तासभर चालू द्या, पॅनेलचं दार बंद ठेवून. दार उघडं ठेवून घेतलेलं माप फसवं असतं. आधीच, वीज बंद असताना, थर्मोकपलचं टोक रिलेच्या धातूच्या तळाशी लावून ठेवा आणि तार बाहेर काढून घ्या. वरच्या हिशोबाने सिलिकॉन ११० असताना तळ ९१ च्या आसपास येतो, म्हणून तळ ८५ ओलांडत असेल तर मोठा हीट सिंक किंवा पंखा लावायची वेळ आली समजा. इन्फ्रारेड गनवर भिस्त ठेवणार असाल तर चकाकत्या ॲल्युमिनियमवर ती फार कमी आकडा दाखवते. तिथे आधी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा.

आणि हे सगळं इतक्या बारकाईने करायचं कारण असं, की तापून गेलेला रिले बहुतेकदा 'बंद' होऊन मरत नाही, तो शॉर्ट होतो, म्हणजे चालूच राहतो. कंट्रोलर सांगतो बंद, रिलेवरचा दिवा विझलेला, आणि क्लॅम्प मीटर मात्र हीटरच्या तारेवर २६ अँपिअर दाखवतो. हीच त्याची खूण. तापमान चढतच जातं आणि कंट्रोलरच्या हातात काहीच राहत नाही. म्हणून रिलेच्या आधी एक कॉन्टॅक्टर आणि त्याला कंट्रोलरपासून वेगळा, स्वतःचा सेन्सर असलेला हाय-लिमिट थर्मोस्टॅट जोडलेला असावा.

तुमच्या पॅनेलवरची सूचना मी अशी लिहीन: 'तापमानानुसार प्रवाहमर्यादा: पॅनेलमध्ये ४५ अंशांपर्यंत २६ अँपिअर, ५५ अंशांना २२ अँपिअर. हीट सिंकवर व झरोक्यांपुढे काहीही ठेवू नये. रिलेचा दिवा विझूनही हीटर तापत असल्यास मुख्य स्विच बंद करावा.' आकडे तुमच्या रिले-हीट सिंकचे घालून घ्या.