आठळ्यांचं पांढरं साल

प्रश्न : फणसाच्या आठळ्यांचं पांढरं साल निघत नाही. येसराच्या आमटीत टाकायला उकडू की भाजू?

उत्तर : आमटीसाठी उकडाच. भाजलेली आठळी कोरडी होते, ती नुसती मिठासोबत खायला बरी. ओल्या आठळीचं साल चिवट असतं, म्हणून धुऊन एक दिवस सावलीत वाळवा. मग बत्त्याने हलकेच ठेचली की साल कागदासारखं तडकून सुटतं. आतलं तपकिरी साल राहू द्या, ते खाता येतं. मीठ घालून कुकरच्या तीन शिट्ट्या काढा, सुरी सहज आत गेली पाहिजे. कच्ची राहिली तर पोटात गुबारा धरतो. येसर कालवून उकळी आली की आठळ्या सोडा. भाजायच्याच असतील तर आधी चीर द्या, नाहीतर तव्यावरून फटाक्यासारख्या उडतात.