फटकळ कोण म्हणालं तुला?

अगं, तुझा मेसेज दोनदा वाचला. "मी खरं तेच बोलले, मग मला फटकळ का म्हणतात?" मैत्रिणीची कथा तू चार जणींसमोर "बोगस आहे" म्हणालीस आणि वर "मी स्पष्टवक्ती आहे" हे ऐकवलंस. हा शिक्का स्वतःच स्वतःला मारायचा नसतो गं, तो समोरचा मारतो.

हे शब्द एका माळेतले वाटतात पण प्रत्येकाची बसायची जागा वेगळी आहे. परखड असते ती टीका, परीक्षण, म्हणजे समोर काहीतरी काम लागतं आणि ते तपासलेलं लागतं. सडेतोड असतं उत्तर, म्हणजे आधी कुणीतरी आरोप नाहीतर प्रश्न केलेला हवा. तुला तर कुणी विचारलंच नव्हतं! रोखठोक ही भूमिका असते, व्यवहार असतो. मोकळं असतं मन. आणि फटकळ? ते तोंडाला चिकटतं, फटकळ तोंडाची म्हणतात, फटकळ मनाची कुणी म्हणत नाही. म्हणजे लोक तुला खोटारडी म्हणालेच नाहीत, नीट बघ, ते फक्त तोंडाबद्दल बोललेत.

आता प्रामाणिक. त्यात प्रमाण आहे, म्हणजे पुरावा. मी हेच घोकत आलोय, बोलण्याआधी प्रमाण दाखव. "बोगस" मध्ये प्रमाण काय आहे? काहीच नाही, नुसती चव आहे तुझ्या तोंडची. "तिसऱ्या पानावर बाप मरतो आणि पुढच्या पानावर मुलगी हसत जेवतेय, मला ते पटलं नाही" हे म्हणाली असतीस तर? झोंबलं तेही असतं, पण तिला ते पान उघडून बघता आलं असतं, आणि तू चुकलीस हे सांगताही आलं असतं. प्रमाण दिलं की समोरच्याला उलटं बोलायची जागा राहते. "बोगस" ला काय उत्तर देणार ती?

आणि हो, ते "प्रामाणिकपणे सांगायचं तर" सोड बाई. मग बाकीचं काय अप्रामाणिक होतं का? आपल्याकडे "खरं सांगू का" असं विचारतात, आणि त्यातला "का" महत्त्वाचा, तो परवानगी मागतो. अर्थात बरेच जण "का" म्हणून थांबतच नाहीत.

मीही थांबलो नव्हतो. एका सहकाऱ्याचा अहवाल भर मीटिंगमध्ये "हे कुणी वाचणार नाही" म्हणून बाजूला सारला, आणि कित्येक वर्षं तो माझा बाणेदारपणा म्हणून सांगत फिरलो. अहवाल खराब होता हे मी आजही म्हणेन!! पण कुठे खराब होता ते एकदाही सांगितलं नाही, कारण मी पहिलं पान सोडून वाचलाच नव्हता. प्रमाणच नव्हतं माझ्याकडे. तो नंतर मला "तुम्ही फार स्पष्ट बोलता हं" एवढंच म्हणाला. त्या "हं" चा अर्थ मला बराच उशिरा लागला.

तू मैत्रिणीला सॉरी म्हणू नकोस लगेच, कथा तुला आवडली नाही हे खरंच आहे ना. आधी ती परत वाच, हातात पेन्सिल घेऊन. मेसेज लिहिलास की मला दाखव... नको, मला नको दाखवूस, मी अजून तिखट करून ठेवीन.