कंट्रोलमध्ये काय घातलं होतं?

"मी पीएचडीच्या चौथ्या वर्षात आहे. लॅबमधला एक सहकारी आणि मी जवळजवळ एकाच प्रश्नावर काम करतो. माझा मुख्य निष्कर्ष त्याला मिळत नाही, असं त्याने लॅब मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. तेव्हापासून मी त्याच्यासमोर प्रयोगाबद्दल अवाक्षर काढत नाही, नोंदवही कुलपात ठेवते आणि रात्री झोप लागत नाही. अशा माणसावर विश्वास ठेवता येतो का, की सरळ लॅबच बदलू?"

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक संशोधिका आली होती. तिला इथे मेधा म्हणू आणि ती ज्याच्याबद्दल बोलत होती त्याला सुहास. दोघांच्या परवानगीने लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पहिल्या भेटीत पाऊण तास ती सुहासबद्दलच बोलली. तो मागे उभा राहून तिच्या जेलकडे बघतो. गाईडला भेटायला नेमका तिच्या आधी जातो. फ्रीजमधली तिची अँटिबॉडीची कुपी जागेवरून हललेली असते.

मी तिला एक कागद दिला आणि मधोमध रेघ मारायला सांगितली. डावीकडे फक्त डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं, उजवीकडे त्यावरून काढलेला अर्थ. निरीक्षण आणि अनुमान वेगळं ठेवणं हे संशोधकांचं रोजचं काम, पण शेजारच्या माणसाची गोष्ट आली की तेच लोक कमालीचे ढिले होतात, असा माझा अनुभव आहे. मेधाची डावी बाजू चार ओळींत संपली. उजवीला कागद पुरेना. कुपी हललेली होती हे खरं, पण ती कोणी हलवली हे तिने पाहिलेलं नव्हतं, आणि तो फ्रीज अकरा जण वापरत होते.

त्या चार ओळींत, प्रकरण माझ्या खोलीबाहेर न्यावं असं काही नव्हतं. हे मी सगळ्यात आधी तपासते. वहीतली पानं फाडलेली, नमुन्यांवरची लेबलं बदललेली, एकाचे निकाल दुसऱ्याने आपल्या नावावर पाठवलेले, असं काही दिसलं तर समुपदेशनाने भागत नाही. तिथे तारखेसह लेखी नोंद करायची आणि संस्थेच्या तक्रार यंत्रणेकडे जायचं. तिथे 'जरा विश्वास ठेवून बघ' असं सांगणं म्हणजे ज्याचं नुकसान झालं त्यालाच पुन्हा बळी देणं.

नंतर सुहासही आला, गाईडने पाठवलं म्हणून, तोंड पाडून. मेधा आत आली की त्याच्याकडे पाठ करून बसते. प्रोटोकॉल मागितला तर 'जुन्या पेपरमध्ये आहे' म्हणते. त्याची फेलोशिप आठ महिन्यांत संपणार होती आणि हातात एकही पेपर नव्हता. बोलता बोलता आणखी एक गोष्ट कळली. गाईडने दोघांना सहा महिन्यांच्या अंतराने जवळपास तोच प्रश्न दिला होता, आणि पेपरवर पहिलं नाव कोणाचं याबद्दल कोणीच काही बोललं नव्हतं. म्हणजे निम्मं भांडण मुळात या दोघांचं नव्हतंच.

इथे माझी एक चूक झाली. मी दोघांना लगेच समोरासमोर बसवलं आणि मनातलं बोला म्हटलं. विसाव्या मिनिटाला सुहास म्हणाला, "निकाल खरा असेल तर दाखव ना करून." मेधा उठून निघून गेली. 'तुझा निकाल मला मिळत नाही' हे वाक्य बाहेरच्या माणसाला तांत्रिक वाटतं. ज्याचा निकाल असतो त्याला ते 'तू खोटारडा आहेस' असंच ऐकू येतं. ही शंका टेबलावर असताना भावनांची देवाणघेवाण होत नाही, हे मला आधी कळायला हवं होतं.

मग मी दुसरी वाट धरली. चार्ल्स ऑसगुड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये, शीतयुद्धाच्या ऐन भरात, दोन महासत्तांमधला ताण उतरवण्यासाठी एक पद्धत मांडली होती. एका बाजूने आपणहून छोटं पाऊल उचलायचं. ते आधी जाहीर करायचं. बदल्यात काही मागायचं नाही, आणि समोरून लगेच उत्तर आलं नाही तरी आणखी एकदोन पावलं टाकायची. मात्र पाऊल इतकं मोठं नसावं, की समोरच्याने गैरफायदा घेतला तर आपण उघड्यावर पडू. अण्वस्त्रांसाठीची युक्ती लॅबच्या बेंचवर लागू करताना मला थोडं हसूही आलं होतं.

मेधाला मी विचारलं, "असं काय आहे, जे त्याला दिलंस तर त्याचं काम वाचेल आणि तुझं काही जाणार नाही?" खूप वेळ विचार करून ती म्हणाली, अँटिबॉडी किती पातळ करायची ते. कुपीसोबतच्या कागदावर हजारात एक भाग लिहिलेलं होतं, पण तिच्या हातात दोन हजारात एक भाग जास्त स्वच्छ यायचं, आणि सुहास प्रत्येक ब्लॉटच्या, म्हणजे प्रथिनांचे पट्टे दाखवणाऱ्या पडद्याच्या, काळपट पार्श्वभूमीशी झगडत होता. तिने त्याला दोन ओळींचा मेल केला. उत्तर नाही. पुढच्या आठवड्यात तिने तिच्या वाट्याची सूक्ष्मदर्शकाची एक वेळ मोकळी होणार असल्याचं कळवलं. तरीही उत्तर नाही. ती माझ्यावर चिडली, आणि ते रास्तच होतं. नवव्या दिवशी तिच्या बेंचवर एक चिठ्ठी होती: 'सीरमच्या नव्या बॅचमध्ये पेशी सावकाश वाढतायत. जुन्या दोन बाटल्या वरच्या कप्प्यात आहेत, एक तुझी.'

एवढ्यावर विश्वास बसला, असं मी म्हणणार नाही. पण आता एकत्र प्रयोग करायचा का, हे विचारता येऊ लागलं. त्याआधी पहिल्या नावाचा प्रश्न सोडवणं भाग होतं, नाहीतर प्रयोगाचा निकाल म्हणजे कोर्टाचा निकाल झाला असता. दोघं एकत्र गाईडकडे गेले. निकाल काहीही आला तरी पेपर एकच निघेल आणि दोघांची नावं समान वाट्याची पहिली नावं म्हणून जातील, असं ठरलं आणि त्याच दिवशी तिघांना मेल गेला. तोंडी कबुली दिल्यावर लेखी मेल मागणं संशोधकांना उद्धट वाटतं. मला तरी त्यात उद्धट काही दिसत नाही.

वाद होता तो असा. पेशींना ग्रोथ फॅक्टर दिला की ईआरके नावाचं प्रथिन सक्रिय होतं, साधारण पाच ते दहा मिनिटांत. मेधाच्या ब्लॉटमध्ये ही सक्रियता कंट्रोलच्या, म्हणजे ग्रोथ फॅक्टर न दिलेल्या पेशींच्या, तिप्पट दिसायची, सुहासच्या ब्लॉटमध्ये जेमतेम सव्वापट. पेशी त्याच, कुपी तीच. त्यांनी एकाच दिवशी, एकाच बेंचवर, शेजारी शेजारी बसून आपापल्या पद्धतीने प्रयोग केला. नळ्यांना तिसऱ्या सहकाऱ्याने फक्त आकडे दिले आणि यादी आपल्या खिशात ठेवली, म्हणजे ब्लॉट मोजताना कोणती नळी कोणाची हे दोघांनाही कळणार नव्हतं. एक अट मी घातली होती: दुसऱ्याचा हात वेगळा चालताना दिसला तर टोकायचं नाही, फक्त वहीत लिहायचं.

सुहासच्या वहीत दुपारी तीनच्या सुमाराला एक ओळ होती: 'ती मीडियम बदलत नाही.'

प्रोटोकॉलमध्ये लिहिलं होतं, 'ग्रोथ फॅक्टर घाला.' मेधा पेशींभोवती आधीच असलेल्या मीडियममध्येच, म्हणजे पोषक द्रवातच, दाट द्रावणाचा छोटा थेंब सोडायची. सुहास जुनं मीडियम काढून ग्रोथ फॅक्टर मिसळलेलं ताजं मीडियम ओतायचा, आणि कंट्रोललाही नुसतं ताजं मीडियम द्यायचा. तो काळजीपूर्वकच काम करत होता. पण मीडियम ओतण्याचा धक्काही काही पेशींना पुरतो, आणि ईआरके तेवढ्यानेच जागं होतं. त्याचा कंट्रोलच वर चढलेला असायचा, म्हणून फरक बुजायचा.

गोष्ट इथेच थांबली असती तर मेधा जिंकली असती आणि दोघांमधलं सगळं संपलं असतं. पण तिच्याही वहीत एक ओळ होती, स्वतःबद्दलची. ती कंट्रोलला काहीच घालत नव्हती. ज्या द्रावणात ग्रोथ फॅक्टर विरघळवलेला असतो, त्या नुसत्या द्रावणाचा थेंबही नाही. म्हणजे तिच्या तिप्पटीतला काही भाग हात लागण्याचाच होता. दोघांनी मिळून कंट्रोलमध्ये नुसत्या द्रावणाचा थेंब घालून तीन वेगवेगळ्या दिवशी प्रयोग केला, तेव्हा फरक दुपटीच्या आसपास स्थिरावला.

पुढच्या लॅब मीटिंगमध्ये मेधाने पहिल्याच स्लाइडवर आपला जुना आलेख लावला आणि त्यात कंट्रोल अपुरा होता असं सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं. सुहास नंतर मला म्हणाला, "मला वाटलं होतं ती माझी मीडियमची चूक दाखवून थांबेल." त्याच्या बाजूने विश्वासाची सुरुवात मी तिथे धरते. माणूस आपल्या विरुद्ध जाणारा निकाल कसा वाचतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की त्याच्या बाकीच्या निकालांकडेही आपण वेगळ्या नजरेने बघतो. आवडनिवड त्यात फारशी लागत नाही.

हे नवशिक्यांचंच होतं असं समजू नका. बर्कली आणि बॉस्टन इथल्या मिना बिसेल आणि कॉर्नेलिया पॉलियाक यांच्या प्रयोगशाळा स्तनाच्या ऊतीतल्या पेशींवर एकत्र काम करत होत्या, पण एकीचे निकाल दुसरीशी जुळेनात. शेवटी दोन्हीकडचे संशोधक एकाच बेंचवर शेजारी उभे राहिले, तेव्हा कळलं की ऊतीपासून पेशी सुट्या करताना एकीकडे जोरात ढवळत होते आणि दुसरीकडे हलकेच हलवत होते. त्यांनी ही सगळी हकिकत २०१४ मध्ये स्वतःच छापली.

मेधा आणि सुहास मित्र झाले नाहीत. तो अजूनही तिचं बोलणं मध्येच तोडायचा, आणि पुढे दोघांनी एकाच जागेसाठी अर्ज केला तेव्हा तीन आठवडे पुन्हा अबोला होता. पण अबोल्याच्या त्या दिवसांतही ती ब्लॉटचे आकडे काढण्याआधी नळ्यांवरची लेबलं झाकून त्याच्याकडे मोजायला द्यायची, आणि तो मोजून द्यायचा.

तुमच्याकडे वळते. आज रात्री कागदावर ती रेघ मारा. डावीकडे फाडलेली पानं किंवा बदललेली लेबलं यांतलं काही निघालं, तर लॅब बदलण्याचा विचार करा आणि त्याआधी लेखी नोंद करा. तसं काही नसेल, तर नोंदवही कुलपातच राहू द्या, तिची घाई नाही. त्याच्या कामातली कोणती अडचण तुम्ही दोन ओळींत सोडवू शकता, ते शोधा. दोन आठवडे उत्तराची वाट न बघता असे दोनतीन मेल पाठवा. मग गाईडकडे दोघांनी मिळून जा आणि नावांचा क्रम लेखी ठरवून घ्या. गाईड ते टाळत असेल, तर एकत्र प्रयोग करू नका. मला पुन्हा लिहा, कारण मग अडचण तुमच्या सहकाऱ्यात नसून दुसरीकडे आहे. क्रम ठरला, तर त्याला एवढंच विचारा: "तुझ्या कंट्रोलमध्ये नेमकं काय घालतोस, मला एकदा शेजारी बसून बघू देशील?"